त्र्याण्णवचं पाणी

"दोष केटलचा आहे," असं आमचे हे पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मला हसू आलं होतं. सकाळचे दोन कप ओट्यावर ठेवलेले, कॉफीचा वास घरभर सुटलेला, आणि हे कप नाकाशी धरून कपाळाला आठ्या घालून उभे. "पाणी बदकन पडतं. सगळी कॉफी मेली," म्हणाले. मी म्हटलं, याच केटलनं दोन वर्षं कॉफी होतेय, ती आजच बरी मेली? त्यावर हे कप तसाच ठेवून दुकानात गेले.

आमचं धुळ्याला आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत चहापत्तीचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलेलं, आता हे आणि माझे दीर बघतात. दीर हिशोब आणि उधारी सांभाळतात, आणि माल लावायचं काम ह्यांचं. माल लावणं म्हणजे मिश्रण करणं. आसामचा दाणा किती, डुअर्सचा किती, रंगासाठी बारीक डस्ट किती, हे ठरवून वर्षानुवर्षं एकच चव द्यायची. टपरीवाल्याला आणि हॉटेलवाल्याला चव बदललेली चालत नाही. नवं पोतं आलं की हे मूठभर पत्ती तळहातावर घेणार, तोंडाची वाफ तिच्यावर सोडणार आणि नाक खुपसणार. मग "याच्यात ओल गेलीय" किंवा "हा माल जुना आहे" एवढंच सांगणार. लग्नाच्या वेळी मला कुणी सांगितलं नव्हतं की नवऱ्याचं सगळं भांडवल नाकात आहे. सांगितलं असतं तर मी त्या नाकाची जास्त काळजी घेतली असती.

कॉफी घरात आणली लेकीनं. ती नोकरीसाठी बंगळूरला राहते. एका सुट्टीत येताना तिनं काचेचं एक नरसाळं, कागदाचे फिल्टर आणि चिकमगळूरची कॉफी आणली. वर नरसाळं, खाली भांडं, आणि हातानं हळूहळू पाणी ओतायचं. दूध नाही, साखर नाही. चहाचा माणूस कॉफीला नावं ठेवणार असं मला वाटलं होतं. ह्यांनी पहिला घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "संत्र्याची साल." तेव्हापासून रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी आम्ही दोघं ही कॉफी प्यायचो. पंचवीस-सव्वीस वर्षांच्या संसारात आम्ही समोरासमोर बसून काही प्यायला लागलो ते तेव्हापासून. त्याआधी मी स्वयंपाकघरात उभ्यानं चहा प्यायचे आणि हे पेपरात डोकं घालून.

मग दिवाळीनंतर ह्यांना ताप आला. साधाच, चार दिवसांचा. नाक चोंदलं, मोकळं झालं, हे दुकानात जायला लागले. आणि त्यानंतर कॉफी मेली.

मला शंका आली नाही असं नाही. दूध उतू जाऊन करपलं तेव्हा हे शेजारच्या खोलीत होते आणि त्यांना पत्ता नव्हता. पण त्याच आठवड्यात मी मसाल्याच्या मिरच्या भाजायला घेतल्या. आमच्याकडच्या मिरच्या भाजायला लागलं की शेजारच्या तीन घरांच्या खिडक्या लागतात. हे आतून खोकत, शिंकत, डोळे पुसत बाहेर आले आणि माझ्यावर ओरडले, "माणसाला मारतेस का?" मला इतका आनंद झाला की मी भाजणं थांबवून त्यांना पाणी दिलं. ठसका लागतो म्हणजे नाक शाबूत आहे, हा आमच्या घरातला हिशोब. मी देवापुढे दिवासुद्धा लावला. म्हटलं, खरंच केटलचा दोष असेल.

त्यानंतर मीच केटलच्या मागे लागले. माझं माहेर नशिराबादचं. भाच्याच्या साखरपुड्याला जायचं होतं, तेव्हा जळगावला थांबून कॉफीचं एक दुकान बघू असं मी ठरवलं. लेकीनं त्याचा पत्ता दिला होता. पुण्यातली नोकरी सोडून आलेली एक बाई ते चालवते. चार टेबलं, भिंतीला लागून फळ्या, फळ्यांवर कॉफीच्या पिशव्या आणि बारीक लांब मानेच्या केटली. एसटीतून उतरून आम्ही थेट तिथे गेलो. हे आत शिरताच खुर्चीत न बसता फळीपाशी गेले आणि एकेक केटल उचलून मनगटावर तोलायला लागले. दुकानदार कुठेही गेला तरी दुकानदारच.

"काका, तुम्ही घरी किती कप करता?" तिनं विचारलं.

"दोनच. मी आणि ही."

"मग साधी गूसनेक घ्या, ही लांब मानेची. गॅसवर ठेवायची. दीड हजारात येते." तिनं स्टीलची एक केटल काढून दिली. "हिच्या बारीक तोटीनं धार हातात राहते. रुंद तोंडाच्या भांड्यानं पाणी एकदम पडतं, मधे खड्डा होतो, कडेची कॉफी कोरडी राहते. एवढ्यासाठीच ही मान."

"आणि ती?" ह्यांचं बोट काळ्या केटलकडे होतं. खाली गोल बैठक, तिच्यावर आकडे.

"ती विजेची. आकडा लावला की पाणी तेवढंच तापवते आणि तेवढ्यावरच धरून ठेवते. नऊ हजार. घरी दोन कपांना गरज नाही, खरं सांगते. पाणी उकळलं की झाकण काढून अर्धा-एक मिनिट थांबायचं, झालं. तुम्ही सांगितली ती कॉफी हलकी भाजलेली आहे, तिला थोडं जास्त गरम पाणीही चालतं. खूप काळी भाजलेली असती तर पाणी आणखी उतरवावं लागलं असतं, नाहीतर कडू होते. मला दिवसभर कप करायचे असतात, प्रत्येक वेळी थांबून अंदाज करत बसले तर गिऱ्हाईक उठून जाईल. माझ्यासाठी ती वसूल आहे."

नऊ हजारांची वस्तू विकायची सोडून दीड हजाराची सुचवणारी बाई मी पहिल्यांदाच बघितली. तिनं त्या काळ्या केटलनंच आम्हाला एकेक कप करून दिला. फिल्टर आधी ओला केला, कॉफीवर थोडं पाणी सोडून ती फुगू दिली, मग बारीक धार गोल फिरवत राहिली. मी घोट घेतला आणि मला संत्र्याची साल आली, घरी येते त्याहून ठळक. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे माझ्याकडेच बघत होते. माझा चेहरा नीट बघून झाल्यावर त्यांनी कप तोंडाला लावला आणि मोठ्यानं म्हणाले, "वा! याला म्हणतात कॉफी."

ती बाई खूश झाली. मी झाले नाही. पण मनात आलेलं मी तिथेच दाबून टाकलं. आम्ही साधी गूसनेक घेतली. परतीच्या एसटीत पारोळ्यापर्यंत हे ती मांडीवर धरून बसले होते, लेकराला धरावं तशी.

दीर संध्याकाळी घरी आले तेव्हा त्यांनी ती ओट्यावरून उचलली. "भाऊ, हाई झारी कितलानी?" आणि किंमत ऐकून हसले. घरात तिचं नाव झारी पडलं ते पडलंच.

झारीनं धार छान पडायची. ह्यांचा हातही पहिल्या आठवड्यातच बसला. माझी कॉफी सुधारली. ह्यांची नाही. हे आता म्हणायला लागले की धार जमली पण पाण्याचा अंदाज चुकतोय. एक दिवस उकळतं ओतायचे, एक दिवस निवू द्यायचे, एक दिवस औषधांच्या दुकानातून तापाचा थर्मामीटर आणला. तो बेचाळीसच्या वर जातच नाही हे त्यांना मी सांगितलं, तेव्हा माझ्यावरच चिडले. चहाच्या व्यापारात पाणी खळखळ उकळलेलंच लागतं. आयुष्यभर तेवढाच एक नियम पाळलेला माणूस आता पाण्यापाशी उभा राहून घड्याळ बघत होता, आणि मला त्याचं हसू यायचं बंद झालं होतं.

त्याच सुमारास दुकानात व्हायचं ते झालं. ह्यांनी लावलेला माल परत आला. आधी एका हॉटेलातून, मग दोन टपऱ्यांवरून. चहाला कुबट वास येतोय म्हणे. दिरांनी पोतं फोडून मला बोलावून घेतलं, कारण त्यांना स्वतःच्या नाकाची खात्री नव्हती. मी वाकले आणि लगेच मागे सरले. गोणपाट पावसात भिजवून कोंडून ठेवावं तसा वास होता. हे पोतं ह्यांनी हातावर घेऊन, वाफ सोडून, नाक खुपसून पास केलं होतं.

"भाऊ, नाक डाक्टरले दखाड," दीर म्हणाले.

"नाक बरोबर शे," हे म्हणाले. "माल रस्तामा भिजना."

दीर माझ्याकडे वळून मराठीत बोलले. गंभीर काही असलं की ते घरची बोली सोडून मराठीत बोलतात. "वहिनी, पाकीटबंद चहाची एक एजन्सी मिळतेय. तयार पाकिटं येतात, आपण फक्त विकायची. माल लावायचं कामच नाही. भाऊंना त्रास नाही." ह्यांनी एजन्सीचं नाव ऐकलं आणि गल्ल्यावरून उठून गेले. दीर वाईट नाहीत. त्यांनाही दुकान जगवायचं होतं. पण त्या वाक्यात ह्यांच्यासाठी गल्ल्यावर बसण्यापलीकडे काही उरलेलं नव्हतं, आणि ते त्या दोघांनाही कळलं होतं.

डॉक्टरकडे मी ह्यांना जवळजवळ ओढत नेलं. नाक-कान-घशाचे डॉक्टर. त्यांनी हातात एकेक बाटली दिली, डोळे मिटायला सांगितले. लवंग. लिंबू. निलगिरी. निलगिरीला हे म्हणाले, "काहीतरी थंड लागतंय." बाकी दोन्हींना गप्प. मी मिरच्यांची गोष्ट सांगितली, शिंका, ठसका, सगळं. डॉक्टर म्हणाले, तिखटाची आग आणि निलगिरीचा थंडावा वेगळ्या नसेनं कळतो, वासाची नस वेगळी. ठसका लागतो म्हणून वास येतो असं नाही. जीभ चांगली आहे, आंबट-गोड-खारट-कडू सगळं कळेल. वासाचं सांगता येत नाही. येईल, नाहीतर नाही येणार. रोज चार वास घेऊन सराव करा.

मी देवापुढे लावलेला तो दिवा आठवून मला दवाखान्यातच रडू आलं. हे रिक्षात बसल्यावर म्हणाले, "आकड्याची केटल मागव."

मी नको म्हणायला हवं होतं असं लेक म्हणते. कशी म्हणणार? डॉक्टरांनी ह्यांच्यासमोर दोनच गोष्टी ठेवल्या होत्या, नाक गेलंय किंवा नाक गेलंय. केटल ही तिसरी होती. मी त्या बाईला फोन केला. ती म्हणाली, "काकू, खरंच हवीय का? साध्या केटलमध्ये नि हिच्यात दोन कपांना फार फरक नाही." मी म्हटलं, पाठवून दे.

ती आली त्या सकाळी ह्यांनी खोक्याची चिकटपट्टीसुद्धा जपून काढली. पहिलं पाणी उकळून टाकून दिलं, दुसरं भरलं, आकडा त्र्याण्णव अंशांवर लावला, त्या बाईनं फोनवर सांगितला होता तेवढा. काळ्या बैठकीवर आकडे भराभर चढले, शेवटी शेवटी हळू झाले, त्र्याण्णववर टेकले आणि केटल एकदा वाजली. पाच मिनिटांनी बघितलं तरी त्र्याण्णव. मग ती धार. झारीपेक्षाही बारीक, थरथर नाही, हात थांबला की धार थांबते. एवढी नीट कॉफी मी आयुष्यात कधीच प्यायले नव्हते. संत्र्याची साल होती, तिच्यामागे मधासारखं काहीतरी, आणि कप निवत गेला तसं आणखी उमलत गेलं. मी मान खाली घालून प्यायले. चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून.

ह्यांनी अर्धा कप प्यायला. मग केटलचा आकडा पुन्हा बघितला. तो त्र्याण्णवच होता.

नऊ हजार वसूल झाले का, असं दीर नंतर विचारायचे. माझे झाले. हे सांगायला लाज वाटते, पण खरं आहे. रोज हे कॉफी करायचे, मी प्यायचे आणि हे बघत बसायचे. ह्यांचं नुकसान नऊ हजारांचं नव्हतं. झारी होती तोवर पाणी चुकतंय म्हणता येत होतं. आता पाणी चुकत नव्हतं, धार चुकत नव्हती, आणि एका काळ्या डब्यानं घरातला शेवटचा बहाणा संपवला होता. मला त्या केटलचा राग यायचा. तिच्यात काही खोट निघावी, आकडा लबाड निघावा, असं मी रोज मनात म्हणायचे.

आणि खोट निघाली, म्हणजे मला तसं वाटलं. तळाशी पांढरा थर दिसायला लागला होता. नळाला पाणी नसलं की आमच्याकडे बोअरचं वापरतात, आणि बोअरचं पाणी जड. लेकीला विचारलं. ती म्हणाली, तो क्षारांचा थर आहे, जाड झाला तर केटलचं तापमानाचं गणितही बिघडतं, आणि जड पाण्यात कॉफीचा आंबटपणा मरतो. हे ऐकून ह्यांच्या डोळ्यांत कितीतरी दिवसांनी काही हललं. "आंबटपणा मरतो म्हणाली ना? तेच सांगतोय मी!" त्याच दिवशी पिण्याच्या पाण्याचा मोठा जार घरी आला. थर काढायला व्हिनेगर घालून ठेव, असं लेकीनं मला सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी केटलमध्ये थोडं व्हिनेगर ओतलं, वर पाणी घातलं आणि भिजत ठेवून कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले. हे अंघोळीला गेले होते. मी सांगायला विसरले असं नाही. पाणी तासभर तसंच राहील, तोवर खाली येईन, असा माझा हिशोब होता.

जिना उतरताना मधल्या वळणावरच तो वास नाकात शिरला. गरम व्हिनेगरचा, डोळ्यांत पाणी आणणारा. मी उरलेल्या पायऱ्या कशा उतरले मला माहीत नाही. हे ओट्यापाशी उभे होते. केटलवर त्र्याण्णव. नरसाळं रिकामं झालेलं, दोन कप भरलेले, त्यातला एक अर्धा संपलेला. आणि ह्यांचा चेहरा, दिवाळीपासून मी बघितला नव्हता असा.

"आली!" हे म्हणाले. "आंबटपणा आला. पी, पी लवकर. सांगत होतो ना तुला, पाण्याचाच प्रश्न होता. थर निघाला, पाणी बदललं, आली! डोळ्यांत पाणी आलं माझ्या, नाकात झोंबलं इतकी आली."

मी कप हातात घेतला. नाकाशी नेताच मान मागे गेली. ह्यांनी ते बघितलं नाही, कारण हे फोन लावत होते. पलीकडे दीर होते. "आयक," हे म्हणाले, "नवा माल उना शे ना? आज मीच लावसू. एजन्सीवालाले नही सांगी दे." दीर काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. हे हसले. हसत हसत माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "संत्र्याची साल ना? बोल ना."

मी त्या क्षणी हो म्हटलं असतं तर हे दुकानात गेले असते, पोतं फोडलं असतं, हातावर पत्ती घेऊन वाफ सोडली असती आणि काहीही पास केलं असतं. मग पुन्हा माल परत आला असता, आणि या वेळी सगळ्या गल्लीसमोर. नाही म्हटलं असतं तर काय होणार हे माझ्यासमोर उभंच होतं. मला दोन्हीतलं काही नको होतं. मला फक्त तो चेहरा आणखी थोडा वेळ बघायचा होता.

"अहो," मी म्हटलं, "केटलमध्ये व्हिनेगर होतं. थर काढायला घातलं होतं मी."

ह्यांना आधी कळलं नाही. मग कळलं. ह्यांनी फोन तसाच हातात धरून दुसऱ्या हातानं केटलचं झाकण काढलं. वाफ वर आली. माझे डोळे चुरचुरले, मी पदर नाकाला लावला. हे वाकले, दुकानात पत्तीवर वाकायचे तसे, आणि त्या वाफेत नाक घालून एक मोठा श्वास घेतला. मग आणखी एक.

"कुठे?" हे म्हणाले. "कुठे आहे?"

फोनमधून दीर "हॅलो भाऊ, हॅलो" करत होते. ह्यांनी झाकण नीट बसवलं, बटण बंद केलं आणि फोन कानाला लावला.

"एजन्सीवालाले हो सांगी दे," हे म्हणाले.